विषय: आपल्या व्यवसायाच्या डेटाचा बॅकअप: जोखीम नेमकी कोठे आहे

महोदय/महोदया,

सप्रेम नमस्कार.

लहान व्यवसायांतील डेटा बहुधा साध्या कारणांनी जातो: हार्ड डिस्क बंद पडते, लॅपटॉप हरवतो किंवा घाईत चुकीची फाइल पुसली जाते. रॅन्समवेअरचा धोकाही खरा आहे. हा प्रोग्राम फाइली कुलूपबंद करून त्या उघडण्यासाठी पैसे मागतो. मात्र स्वतंत्र ठिकाणी चांगली प्रत असेल, तर कामकाज पूर्ववत करण्यासाठी त्या मागणीवर अवलंबून राहावे लागत नाही.

बाह्य डिस्क किंवा क्लाउड फोल्डर असला की बॅकअप झालाच, हा अनेकांचा समज येथे तपासून पाहावा. संगणकाला कायम जोडलेली बाह्य डिस्क त्याच हल्ल्यात सापडू शकते, आणि केवळ सिंक होणाऱ्या क्लाउड फोल्डरमध्ये एका ठिकाणी पुसलेली फाइल दुसरीकडूनही नाहीशी होते. जुन्या आवृत्त्या काही सेवा ठेवतात, पण बहुधा मर्यादित काळापुरत्याच. म्हणून डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक कार्यालयाबाहेर, ही जुनी पद्धत आम्ही आजही सुचवतो.

आमची सेवा दररोज रात्री आपल्या हिशेबाच्या व ग्राहकांच्या फाइलींची एन्क्रिप्ट केलेली प्रत दूरच्या सर्व्हरवर ठेवते आणि दर तिमाहीस काही फाइली प्रत्यक्ष परत मिळवून दाखवते, कारण न तपासलेल्या बॅकअपवर विसंबणे आम्हांला योग्य वाटत नाही. चोरलेल्या पासवर्डचा गैरवापर मात्र बॅकअपने थांबत नाही. त्यासाठी ईमेल खात्यावर, पासवर्डखेरीज ओळखीचा आणखी एक पुरावा मागणारी द्विस्तरीय पडताळणी आजच सुरू करावी. त्यास आमची सेवा घेण्याची आवश्यकता नाही.

सध्याची व्यवस्था विनाशुल्क तपासून हवी असल्यास याच ईमेलला उत्तर द्यावे. पासवर्ड कृपया पाठवू नये.

आपले विश्वासू,
ग्राहक साहाय्य विभाग