तुमच्या बोअरच्या पंपाचं वॉरंटी कार्ड

रामकृष्णभाऊ, नमस्कार.

काल तुमचा मुलगा पंप न्यायला आला तेव्हा गाडीवाला घाई करत होता. कार्ड दिलं, पण समजावून सांगायचं राहिलं. कार्ड इंग्रजीत आहे, अक्षर बारीक आहे. म्हणून हे सगळं लिहून पाठवतो. पंप बोअरमध्ये उतरवायच्या आधी एकदा वाचून घ्या जी, उतरवल्यावर वाचून अर्धा उपयोग राहत नाही.

आधी मुदत. कार्डावर दोन मुदती आहेत: बिलाच्या तारखेपासून 12 महिने, किंवा पंप कारखान्यात तयार झाला त्या महिन्यापासून 18 महिने. यातली जी आधी संपेल ती धरायची. तुमचं बिल 14 नोव्हेंबर 2024 चं आणि पंपावर जुलै 2024 चा ठसा आहे. म्हणजे बिलाच्या हिशोबानं 13 नोव्हेंबर 2025 पर्यंत आणि ठशाच्या हिशोबानं जानेवारी 2026 पर्यंत. तुमची मुदत 13 नोव्हेंबर 2025. हाच पंप जानेवारी 2024 चा पडून राहिलेला असता, तर जुलै 2025 मध्येच वॉरंटी संपली असती. नवा माल घेताना तो ठसा पाहत जा, माझ्या दुकानातही पाहत जा. आणि मधात एखादा पार्ट बदलून मिळाला, तरी मुदत नव्यानं सुरू होत नाही. 13 नोव्हेंबर तीच.

मिळतं काय, तर कारखान्याची चूक. वाइंडिंग मुळातच कच्ची निघाली, शाफ्ट किंवा बॉडीत दोष निघाला, बेअरिंग चुकीची बसली, तर कंपनी दुरुस्त करून देते किंवा तो पार्ट बदलते, पैसे घेत नाही. पूर्ण पंप नवा द्यायचा की नाही हे कंपनीनं स्वतःकडे ठेवलं आहे. बुश, सील, रबर यांसारखे घासणारे पार्ट आणि केबल धरलेली नाही. बोअरमधून पंप काढायची अन् परत उतरवायची मजुरी, यवतमाळपर्यंतचं गाडीभाडं हेही तुमच्याकडे. पंप बंद असताना पीक वाळलं, तर त्याची भरपाई कार्डात नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते. आपल्या भागातले बहुतेक क्लेम कारखान्याच्या दोषावर अडकत नाहीत, लाईनवर आणि पाण्यावर अडकतात. कार्डात लिहिलं आहे की व्होल्टेज 350 ते 440 मध्ये पाहिजे, तिन्ही फेज पाहिजेत, आणि मोटर पाण्याबाहेर किंवा कोरडी चाललेली नसावी. यातलं काही मोडलं तर वॉरंटी नाही.

दोन फेज आल्या की कंडेन्सर लावून मोटर चालवायची, ही गोष्ट वावरोवावरी चालते. मोटर फिरते, पाणीही येतं, म्हणून वाटते काय बिघडलं. पण करंट सारखा वाटला जात नाही, वाइंडिंग तापत जाते आणि एक दिवस जळते. सर्व्हिस सेंटरवाला मोटर उघडतो तेव्हा वाइंडिंगचा कोणता भाग काळा पडला अन् कोणता शाबूत आहे, यावरून त्याला कळते की ती दोन फेजवर चालली. तिथं तुमचा-माझा शब्द चालत नाही.

तसाच ऑटो स्टार्टर. रात्री लाईन आली की आपण घरी झोपलेले असतो आणि मोटर आपोआप सुरू होते. नोव्हेंबरात बोअरला पाणी असते, तेव्हा काही होत नाही. पण एप्रिल-मे महिन्यात पाणी खाली गेलं की मोटर तासन्तास कोरडी फिरते. ही मोटर आतल्या आणि बाहेरच्या पाण्यानंच थंड राहते, पाणी नसलं तर जळणारच. म्हणून पॅनेलमध्ये फेज जाणं, व्होल्टेज कमी होणं आणि कोरडं चालणं, या तिन्हींवर मोटर बंद करणारी यंत्रणा बसवा. दोन-तीन हजारांचं सामान आहे, माझ्याकडूनच घ्या असं नाही. पण बसवाच, आणि त्याचं बिल पंपाच्या बिलासोबत ठेवा. वाद झाला तर ते कामी पडते.

उतरवताना मोटरमध्ये स्वच्छ पाणी भरलं का, ते मिस्त्रीला विचारा. केबलचा जोड पक्का करून घ्या. जोडातून पाणी शिरून मोटर गेली तर ती बसवणाऱ्याची चूक धरतात.

मोटर बंद पडली तर गावातल्या वाइंडिंगवाल्याला उघडू देऊ नका. मागच्या वर्षी माझ्याच एका गिऱ्हाइकाची मोटर तिसऱ्या महिन्यात गेली. गहू उभा होता, पाण्याची पाळी चुकत होती, त्यानं रातोरात मोटर खोलून घेतली. सील तुटलं म्हणून कंपनीनं क्लेम नाकारला. दोष कारखान्याचा होता की नाही हे मग तपासताच आलं नाही. तो माणूस माझ्या दुकानात उभा होता आणि माझ्याजवळ त्याला द्यायला काही नव्हतं. ते अजून मनातून जात नाही.

पुरावा म्हणून तीन गोष्टी: बिल, शिक्का मारलेलं कार्ड, आणि पंपावरची नंबरपट्टी. पंपाचा नंबर वेगळा, मोटरचा वेगळा. तुमच्या बिलावर मी दोन्ही टाकले आहेत. पट्टीवरच्या नंबरांशी जुळवून पहा. उतरवायच्या आधी दोन्ही पट्ट्यांचे मोबाइलवर फोटो काढा, कारण नंतर त्या तीनशे फूट खाली असतील. बिलाची झेरॉक्स काढून घरी पेटीत ठेवा, वावरातल्या झोपडीत नको.

बिघाड झालाच तर आधी कार्डाच्या मागच्या टोल फ्री नंबरवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. मग मला फोन करा. पंप काढला की केबलसकट यवतमाळच्या सेंटरवर न्यायचा, मी सोबत येईन. देताना जॉबशीट घ्यायची. त्यावर तारीख, दोन्ही नंबर आणि मोटर सीलबंद आहे हे लिहून घ्यायचं. मोटर आपल्यासमोर उघडा म्हणून सांगायचं. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा, तोंडी ऐकून परत फिरू नका.

कार्डावर एक ओळ आहे, की वाद फक्त कंपनीच्या गावच्या कोर्टात चालेल. तिला घाबरू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही जिथं राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे यवतमाळलाच, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मालाला फी नाही, मुदत दोन वर्षांची. त्याआधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पहा. त्या तक्रारीत दुकानदार म्हणून माझंही नाव घालता येते, त्याचा संकोच करू नका.

कार्डावर पंप बसवल्याच्या तारखेचा रकाना कोरा आहे. पंप उतरला की ती तारीख आणि मिस्त्रीची सही घ्या, आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी कार्ड घेऊन दारव्ह्याला या. त्या तारखेवर दुकानाचा शिक्का मारून देतो.

तुमचा,
दिनकर, मशिनरी दुकान, दारव्हा
15 नोव्हेंबर 2024