सदनिका क्र. ४०३ (पुनर्विक्री): खरेदीपूर्व तपासणी यादी

१. भोगवटा प्रमाणपत्र: महानगरपालिकेने दिलेल्या प्रमाणपत्राची प्रत घेऊन ते संपूर्ण इमारतीचे आहे की अंशतः, आणि त्यात चौथा मजला येतो का, हे पाहावे. विक्रेत्याने दाखवलेला वास्तुविशारदाचा पूर्णत्वाचा दाखला याची जागा घेऊ शकत नाही.

२. मंजूर नकाशा: शिक्क्याचा नकाशा हाती घेऊन सदनिकेत प्रत्यक्ष फिरावे. बैठकीच्या खोलीत सामावून घेतलेली बाल्कनी नकाशात उघडी असेल, तर हा बदल कोणाच्या परवानगीने झाला याचे उत्तर लेखी घ्यावे. ‘सगळ्यांनीच केले आहे’ हे उत्तर नव्हे.

३. थकबाकी: देखभाल शुल्क, सिंकिंग फंड आणि दुरुस्ती वर्गणी यांचा स्पष्ट उल्लेख असलेले संस्थेचे ना-देय प्रमाणपत्र इसारापूर्वी मिळवावे. सदनिका तीन वर्षे भाड्याने होती, त्यामुळे बिनभोगवटा शुल्काचा हिशेब वेगळा मागावा. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक आकारता येत नाही. हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा महाराष्ट्रात २५,००० रुपये आहे. मालमत्ता कर आणि वीजबिलाच्या ताज्या पावत्या जोडाव्यात.

४. मालकी: बिल्डरपासून आजवरचे सर्व नोंदणीकृत करार, सूची क्र. २ आणि विक्रेत्याच्या नावचे भागप्रमाणपत्र एकमेकांशी ताडावे. मूळ करार बँकेकडे गहाण असल्याने शिल्लक कर्जाचे पत्र घ्यावे आणि तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरावी.