सगळ्यांना कारण माहीत होतं

मुक्ता दमलेली असते हे कोणी नाकारत नव्हतं, उलट प्रत्येकाकडे त्याचं कारण तयार होतं. आई म्हणायची रात्री मोबाईल बघत बसतेस, ऑफिसातली श्वेता म्हणायची स्ट्रेस आहे गं, सुट्टी घे, आणि दादाचं तर लहानपणापासूनच मत होतं की ही आळशी आहे. तिलाही ते हळूहळू पटायला लागलं, कारण दहा तास झोपूनसुद्धा उठताना अंगात त्राण नसायचं, आणि मीटिंगमध्ये साधासा शब्द आठवायला इतका वेळ लागायचा की तोपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा.

वजन वाढत होतं. खाणं तेवढंच, किंबहुना कमीच, भूकच लागत नव्हती फारशी, तरी जीन्स वर चढेना. जिमच्या ट्रेनरने तिच्याकडे बघून "लिहून ठेवत जा काय काय खाता ते" असं म्हटलं, म्हणजे थोडक्यात तुम्ही खोटं बोलताय. तिने जिमच सोडली.

मग एका डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन 9.8, पाळीत रक्त जास्त जातं म्हणून, घ्या लोहाच्या गोळ्या. चूक नव्हतं ते, पण पाळी अचानक एवढी का जायला लागली हे ना त्यांनी विचारलं ना तिला सुचलं. पोट साफ होत नाही म्हटल्यावर "गोळ्यांनी होतं तसं", खरं तर ते गोळ्यांच्या आधीपासून होतं. त्वचा कोरडी पडली, केस गळायला लागले, त्यासाठी दुसरे डॉक्टर, एक क्रीम आणि एक सीरम. ऑफिसात सगळे हाफ शर्टात आणि ही स्वेटर घालून, तर त्यावर जोक. आवाजही घोगरा झाला, फोनवर एक कस्टमर तिला "सर" म्हणाला, ते मात्र तिने घरी सांगितलं नाही.

शेवटी ती गेली ती भलत्याच कारणाने, रात्री हाताची बोटं मुंग्या येऊन बधीर व्हायची म्हणून. हे डॉक्टर वयस्कर होते, निवांत. हाताचं ऐकून घेतलं, मग नाडी धरून बराच वेळ गप्प बसले. 52. "खेळाडू आहेस का?" तिला हसू आलं. मग त्यांनी तिला खुर्चीवर गुडघे टेकून उभं केलं, पावलं मागे लोंबकळत, आणि टाचेच्या वरच्या शिरेवर छोटी हातोडी मारली. पाऊल झटक्यात हललं, पण परत जागेवर यायला त्याने चांगलाच वेळ घेतला.

"बघ, पाऊलसुद्धा आळस करतंय," डॉक्टर म्हणाले. "थंडी वाजते? पोट? पाळी?" ते एकेक विचारत गेले आणि ती प्रत्येकाला हो म्हणत गेली, आणि हे सगळं एकच असू शकतं असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

रिपोर्ट आला, टीएसएच 62, फ्री टी-4 म्हणजे थायरॉईडचं स्वतःचं हार्मोन खूपच कमी, कोलेस्टेरॉलही वाढलेलं. डॉक्टरांनी समजावलं की थायरॉईड काम करेना म्हणून मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी तिला कामाला लावणारं हार्मोन, टीएसएच, वाढवत नेते, म्हणून हा आकडा एवढा, आणि आजार असा सावकाश चढतो की माणसाला वाटतं आपला स्वभावच असा झाला. अँटीबॉडीही पॉझिटिव्ह, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर उलटलीये, त्याला हाशिमोटो म्हणतात. तिने बाहेर येऊन रिपोर्टचा फोटो काढून दादाला पाठवला आणि खाली लिहिलं, "आळस 62. नॉर्मल साधारण 4 पर्यंत." बराच वेळ टायपिंग दिसत राहिलं, मग आलं, "सॉरी. गाडी घेऊन येऊ का न्यायला?"

थायरॉईडच्या हार्मोनची गोळी, लेव्होथायरॉक्सिन, सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, त्यानंतर निदान अर्धा तास काही नाही आणि लोहाची गोळी चार तासांनी. बहुतेक कायमची. "कायमची" ऐकून आई रडली, मुक्ता नाही, तिला आधी झोपेतून जागं झाल्यासारखं जागं व्हायचं होतं. ते लगेच झालं नाही. पहिले काही आठवडे तर ती वैतागून गोळी बदला म्हणणार होती, मग कधीतरी दुपारी लक्षात आलं की आज जेवणानंतर डोकं टेबलावर ठेवलं नाही.

दोन महिन्यांनी टीएसएच 11. डोस 75 चा 100 केला.

"पण वजन?" तिने विचारलं. "नऊ किलो वाढलंय, दोनच कमी झालंय."

"थायरॉईडमुळे वाढतं त्यात बरंचसं पाणी असतं, ते उतरेल. अजून एखाद-दोन जातील."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं तुझं," डॉक्टर म्हणाले, आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख लिहून दिली.

"जिम चालेल?"

"आता चालेल. फक्त ट्रेनर बदल."