एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी प्रवेशासाठी हेतुनिवेदन : लायपेज क्लोनिंग प्रकल्प

पदवीच्या शेवटच्या वर्षी मी एका जिवाणूतला लायपेजचा जीन पीयूसी१९ प्लाझमिडमध्ये घालून ई. कोलायमध्ये चालवून पाहिला. क्लोनिंगच्या जगात हे काम लहानच. जीन सातशे बेसच्या आतबाहेरचा, प्लाझमिड २६८६ बेसचं, आणि पद्धत गेली कित्येक दशकं जगभरच्या प्रयोगशाळांत चालत आलेली. तरी मी अर्जात याच कामाबद्दल लिहिते आहे, कारण पुढची दोन वर्षं कशावर घालवायची हे मला त्याच्या शेवटच्या टप्प्यात कळलं.

जिवाणू कळव्याचा. माझी आई तिथे पोळी-भाजी केंद्र चालवते आणि तिथल्या मोरीत साचणारी तेलकट साय हा आमच्या घरचा कायमचा तंट्याचा विषय आहे. प्रकल्पासाठी तेल पचवणारे जिवाणू हवे होते, तेव्हा लांब कुठे जायची गरजच पडली नाही. मोरीतला थोडा गाळ निर्जंतुक बाटलीत घेतला आणि ठाणे-वाशी लोकलने कॉलेजला नेला. (डब्यात बाटलीचं झाकण घट्ट आहे ना, हे मी ऐरोलीपर्यंत तपासत होते.) ट्रायब्युटिरिन घातलेल्या आगारवर, म्हणजे दुधट दिसणाऱ्या प्लेटवर, ज्या कॉलनीभोवती स्वच्छ पारदर्शक कडं पडलं ती वेगळी काढली. १६एस आरआरएनएच्या सीक्वेन्सवरून ती बॅसिलस सबटिलिसच्या गटातली निघाली. त्या गटातल्या लायपेज-ए या एन्झाइमवर भरपूर काम झालेलं आहे. पूर्ण तयार झालेलं प्रथिन अवघं १८१ अमिनो आम्लांचं असतं आणि बऱ्याच लायपेजांच्या सक्रिय जागेवर असतं तसं झाकण त्याला नसतं. पहिल्यांदाच क्लोनिंग करणाऱ्या विद्यार्थिनीला याहून सोयीचं प्रथिन मिळणं कठीण.

प्रायमर मी प्रसिद्ध सीक्वेन्सवरून बेतले. पीयूसी१९मध्ये लॅक प्रमोटरच्या बाजूला हिंड-थ्रीची जागा येते आणि पलीकडच्या टोकाला इको-आर-वनची. म्हणून पुढच्या प्रायमरला AAGCTT आणि मागच्याला GAATTC जोडलं. त्यामुळे जीन प्लाझमिडमध्ये उलटा बसण्याचा प्रश्न उरला नाही. रायबोसोम चिकटण्याची जिवाणूची स्वतःची जागाही तुकड्यात घेतली, म्हणजे लॅकझेडच्या वाचनचौकटीशी जुळवाजुळव करावी लागली नाही. दोन्ही प्रायमरच्या टोकांना आणखी काही बेस लावले, कारण अगदी काठावरची जागा रिस्ट्रिक्शन एन्झाइमला नीट कापता येत नाही. लायगेशनसाठी व्हेक्टर आणि इन्सर्टचं प्रमाण रेणूंच्या हिशेबाने १:३ धरलं. ५० नॅनोग्रॅम कापलेल्या प्लाझमिडला ७०० बेसचा तुकडा सुमारे ३९ नॅनोग्रॅम लागतो. हा हिशेब मी वहीत मांडला तेव्हा गाइड मॅडमनी एकच विचारलं, "जेलवरच्या बॅण्डकडे बघून एवढे नॅनोग्रॅम मोजणार कसे?" आमच्या विभागात नॅनोड्रॉप नव्हता. मग माहीत प्रमाणाचा लॅडर शेजारच्या लेनमध्ये चालवून बॅण्डच्या उजेडावरून अंदाज काढायचा, हे तिथे शिकले. मोठ्या यंत्राशिवाय काम रेटण्याची सवय मला याच विभागाने लावली, आणि अर्जात हे लिहायला मला कमीपणा वाटत नाही.

पेशीही आम्हीच तयार केल्या. डीएच५ अल्फा मधल्या वाढीच्या टप्प्यापर्यंत वाढवून, बर्फावर, ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये. ४२ अंशांचा ४५ सेकंदांचा धक्का दिला, लगेच बर्फात ठेवल्या, थोडं एलबी घालून तासभर सावरू दिल्या आणि मग अ‍ॅम्पिसिलिन, एक्स-गॅल आणि आयपीटीजी असलेल्या प्लेटवर पसरल्या. सकाळी प्लेटवर निळ्या-पांढऱ्या कॉलनींची नक्षी दिसली. जुन्या मोठ्या कॉलनींभोवती बारीक पांढऱ्या कॉलनींची गर्दीही होती. मोठ्या कॉलनी बीटा-लॅक्टमेज बाहेर सोडतात, आसपासचं अ‍ॅम्पिसिलिन संपतं आणि प्लाझमिड नसलेल्या पेशीही तिथे मजेत वाढतात. या उपटसुंभांना मी हात लावला नाही.

गटातल्या इतरांनी पांढऱ्या कॉलनी पाहिल्या आणि काम झालं म्हणून टाकलं. माझं मत वेगळं होतं. पांढरी कॉलनी म्हणजे लॅकझेड बिघडलं, एवढंच खात्रीने म्हणता येतं. कापलेल्या टोकाचे दोन-चार बेस कुरतडले जाऊन प्लाझमिड पुन्हा मिटलं तरी वाचनचौकट सरकते आणि कॉलनी पांढरीच येते. म्हणून टूथपिकने कॉलनी उचलून एम१३ प्रायमरवर कॉलनी-पीसीआर केला. रिकाम्या प्लाझमिडला छोटा बॅण्ड आणि इन्सर्ट असलेल्याला मोठा, असा फरक एक टक्क्याच्या जेलवर सरळ दिसला. ज्या कॉलनींत मोठा बॅण्ड आला त्याच पुढे नेल्या.

पुढची अडचण जास्त रंजक होती. हे क्लोन ट्रायब्युटिरिन प्लेटवर ठेवले तर भोवती कडं पडलं, पण रिकामं पीयूसी१९ असलेल्या पेशींभोवतीही जास्त वेळाने फिकट कडं उमटायला लागलं. ट्रायब्युटिरिन ही आखूड साखळीची चरबी. ती एस्टरेजही तोडतात, आणि ई. कोलायच्या पेशी मरून फुटल्या की त्यांची स्वतःची एस्टरेज माध्यमात सांडतात. म्हणजे कड्यावरून "आपलं लायपेज चाललं" असं छातीठोकपणे म्हणायची सोय नव्हती. मग ऑलिव्ह तेल आणि रोडामिन-बी घातलेल्या प्लेट ओतल्या. लांब साखळीची चरबी तुटून मोकळी झालेली मेदाम्लं रोडामिनशी मिळून अतिनील प्रकाशात नारिंगी चमकतात. तेल आगारमध्ये सारखं मिसळेपर्यंत बराच व्हर्टेक्स करावं लागलं, नाहीतर प्लेटवर नुसते तेलाचे थेंब दिसतात. जेल पाहायच्या ट्रान्सइल्युमिनेटरवर त्या ठेवल्या तेव्हा क्लोनभोवती आणि मूळ मोरीतल्या जिवाणूभोवती नारिंगी वलय होतं. रिकाम्या प्लाझमिडच्या पेशींपाशी काळोख होता. या निकालावर मात्र माझा विश्वास बसला.

सीक्वेन्सिंगला मोजकेच क्लोन पाठवता आले, कारण खर्च विभागाच्या प्रकल्प निधीत बसवायचा होता. तेव्हा पैसे वाया जाणार नाहीत अशी निवड मला करावी लागली. एकाच पीसीआरमधले सगळे क्लोन पाठवण्याऐवजी मी दोन वेगवेगळ्या पीसीआरमधले पाठवायचं सुचवलं. कारण साधं होतं. आम्ही साधं टॅक वापरलं होतं आणि टॅकला स्वतःच्या चुका दुरुस्त करता येत नाहीत. प्रसिद्ध सीक्वेन्सपेक्षा वेगळा बेस दिसला तर तो कळव्याच्या जिवाणूचा स्वतःचा की टॅकने वाटेत बदललेला, हे एका पीसीआरवरून कसं ठरवणार? तोच फरक दोन्ही पीसीआरमधल्या सगळ्या क्लोनमध्ये असेल तर तो जिवाणूचाच मानायचा. एकाच क्लोनमध्ये असेल तर संशय टॅकवर.

फाइल आल्या आणि दोन्ही प्रकार सापडले. काही बदल सगळ्या क्लोनमध्ये होते, आणि त्यांनी प्रथिनात काहीच फरक पडत नव्हता. एका क्लोनमध्ये मात्र एका कोडॉनचं AAT बदलून AGT झालं होतं, म्हणजे अ‍ॅस्परॅजिनच्या जागी सेरिन. क्रोमॅटोग्राममधलं शिखर स्वच्छ होतं आणि दोन्ही बाजूंच्या वाचनात तेच होतं, त्यामुळे हा यंत्राचा भास नव्हता. नियमाने तो क्लोन बाजूला काढायचा, आणि अहवालापुरता मी तो काढलाही. पण त्याच्या नारिंगी वलयाकडे पाहिलं तर ते इतरांसारखंच होतं. म्हणजे प्रथिन एक अमिनो आम्ल बदलूनही चालत होतं. किती चालत होतं? जास्त तापमानाला टिकत होतं का? पेशींचा अर्क ५५ अंशांना तापवून प्लेटवर थेंब ठेवून पाहिलं. मूळ आणि बदललेल्या एन्झाइमातला फरक, असला तरी, वलयावरून कळण्यासारखा नव्हता. त्यासाठी शुद्ध प्रथिन हवं, पॅरा-नायट्रोफिनॉलचा रंग मोजणारी नीट चाचणी हवी, आणि एका क्लोनऐवजी शेकडो बदल एकाच वेळी तपासण्याची सोय हवी. तोवर सत्र संपत आलं होतं. तो क्लोन ग्लिसरॉलमध्ये घालून फ्रीझरमध्ये ठेवला आणि वहीत नोंद केली.

टॅकच्या ज्या चुकांपासून मी जीन जपत होते, त्या चुका मुद्दाम वाढवून एन्झाइम सुधारणं हे एक मोठं क्षेत्र आहे, हे मी त्यानंतर नीट वाचलं. पीसीआरमध्ये मँगनीज घालून चुकांचं प्रमाण वाढवायचं, बदललेल्या जीनचा साठा तयार करायचा, त्यातले चांगले निवडायचे आणि पुन्हा तीच फेरी घ्यायची. एन्झाइमच्या या दिशादर्शित उत्क्रांतीसाठी फ्रान्सेस अरनॉल्ड यांना २०१८ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. माझं लायपेज-ए याच पद्धतीने जास्त उष्णता सोसणारं करता येतं, हेही त्या वाचनात कळलं. माझ्या एकट्या क्लोनची त्या कामाशी तुलना होत नाही. पण तिथे विचारला जाणारा प्रश्न माझ्या वहीत आधीच लिहिलेला होता.

म्हणून मी वाखेनिंगनच्या दोन वर्षांच्या एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीसाठी अर्ज करते आहे. तिथल्या दुसऱ्या वर्षात थीसिस आणि इंटर्नशिप दोन्ही आहेत. मला थीसिस एन्झाइम अभियांत्रिकीत करायचा आहे आणि इंटर्नशिप शक्यतो अशा ठिकाणी, जिथे एन्झाइम प्लेटवरून उचलून प्रत्यक्ष टाकीत वापरलं जातं. मला काय येतं ते वर लिहिलंच आहे. काय येत नाही तेही सांगते. प्रथिन शुद्धीकरण मी फक्त प्रात्यक्षिकात केलं आहे, एन्झाइम कायनेटिक्स कागदावर पक्कं आहे पण हाताला सवय नाही, आणि प्रथिनाची त्रिमितीय रचना वाचून कुठला अमिनो आम्ल बदलावा हे ठरवणं मी स्वतःच्या धडपडीने शिकते आहे. पहिल्या वर्षातले विषय मी याच तीन गोष्टी पाहून निवडणार आहे.

परतल्यावर काय, असा प्रश्न शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत हमखास येतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यात औषध आणि रसायन कारखाने आहेत, खाद्यप्रक्रिया आहे, आणि तेलकट सांडपाणी तर प्रत्येक उपाहारगृहाच्या मागच्या दाराला आहे. तिथल्या चेंबरमध्ये एन्झाइम टिकायचं असेल तर त्याला साबणाचा अल्कली, उन्हाळ्यातली उष्णता आणि रोज बदलणारं खरकटं, तिन्ही सोसावं लागेल. या तीन अटींवर लायपेज-एचे बदल तपासायचे, हा थीसिससाठी माझा पहिला प्रस्ताव आहे. सेरिनवाला क्लोन त्यात सुरुवातीच्या नमुन्यांपैकी एक असेल.