अहो, हे निवांत वाचा

अहो,

पावणेतीन वाजलेत. तुम्ही आत झोपलाय आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खाली बसलेय. फरशी गार लागते म्हणून. गेले पाच-सहा महिने रात्रीची माझी जागा हीच आहे, तुम्हाला माहीत नाही. तोंडाने सांगायला गेले की मध्येच रडू येतं आणि तुम्ही "बरं बरं, राहू दे" म्हणता, म्हणून लिहून देतेय. पत्र डब्याच्या पिशवीत ठेवते. जेवण झाल्यावर वाचा.

आधी शनिवारचं. तुम्ही एवढंच विचारलंत, भाकरी गार कशी? आणि मी तुमच्यासमोरचं ताट उचलून सिंकमध्ये आपटलं. आमटी भिंतीवर उडाली. पुसताना माझे हात थरथरत होते आणि आई दारात उभ्या राहून बघत होत्या. एवढ्या रागाचं ते कारण नव्हतं, हे मला त्याच क्षणी कळत होतं, पण आवरता येईना. दहा मिनिटांत राग गेला आणि बाथरूमचं दार लावून मी रडले. त्या दिवसाबद्दल मला माफ करा. पण "हिचं डोकं फिरलंय" असं तुम्ही आईंना म्हणालात, ते मी ऐकलं. ते फार लागलं. कारण मलाही महिनाभर तीच भीती वाटत होती.

मागच्या मंगळवारी बँकेत जाते म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. शाळेतून परस्पर डॉक्टरांकडे गेले होते. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं: पाळी कधी बावीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी, आली की चार-चार दिवस नुसता रक्तस्राव, रात्री छातीपासून कानापर्यंत वाफ चढते, गाऊन भिजतो आणि मग थंडी वाजते, सातवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवताना साधा 'छेद' हा शब्द आठवेना. त्या म्हणाल्या, हे पाळी जायच्या आधीचे दिवस आहेत. पेरीमेनोपॉज म्हणतात. सत्तेचाळिसाव्या वर्षी अगदी वेळेवर आहे.

त्यांनी समजावलं ते तुम्हालाही समजायला हवं. अंडाशयातून येणारी हार्मोन्स एका लयीत कमी होत नाहीत. एका महिन्यात एकदम चढतात, दुसऱ्यात खाली येतात. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी जागा असते, ती त्यामुळे हळवी होते आणि जरा उकडलं तरी अंगाला घाम फोडते. मनाला आणि झोपेला शांत ठेवणारं हार्मोनही याच काळात कमी पडतं. म्हणून मी अकराला झोपते आणि दोन-अडीचला टक्क जागी होते. मग साडेपाचला उठून दोन डबे, आईंचा काढा आणि शाळा. चार तासांच्या झोपेवर माणूस चिडचिड करणारच, ती एकट्या हार्मोन्सची नाही.

रक्त तपासलं. थायरॉइड ठीक आहे. हिमोग्लोबिन ९.८ आलं, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात. हार्मोन्सची तपासणी नको म्हणाल्या, आज एक आकडा येतो आणि पंधरा दिवसांनी दुसरा. रक्तस्राव जास्त आहे म्हणून सोनोग्राफी मात्र करायची आहे. हे किती दिवस चालेल म्हणून विचारलं, तर साधारण चार वर्षं, कुणाला कमी, कुणाला जास्त. सलग बारा महिने पाळी आली नाही की मग ती गेली म्हणायची.

शेजारच्या काकू म्हणतात, पिशवी काढून टाक, कटकट जाईल. आपल्याकडे हा सल्ला किती सहज देतात! माझ्या आईची चव्वेचाळीसाव्या वर्षी काढली. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर हा सगळा त्रास एका दिवसात अंगावर येतो, हे तिला कुणी सांगितलं होतं की नाही, कुणास ठाऊक. ऑपरेशननंतर ती रात्री मागच्या पडवीत बसून पदराने वारा घ्यायची. आम्ही पोरं म्हणायचो, आई फार तापट झालीय. बाबा तर तिच्याशी दोन-दोन दिवस बोलायचे नाहीत. आज मी फरशीवर बसते तेव्हा ती पडवी डोळ्यांपुढे येते. मला तसं एकटं बसायचं नाही.

म्हणून तुमच्याकडे काही मागतेय. मी भडकले तर उलट बोलू नका आणि उठून बाहेरही जाऊ नका. "तुझं काहीतरी होतंय, मी इथेच आहे" एवढं म्हणा आणि बसा. दहा मिनिटं लागतात, जास्त नाही. मी चुकीचं बोलले असेन तर नंतर सांगा, मी ऐकेन. फक्त "पाळीची वेळ आलीय का?" असं सगळ्यांसमोर विचारू नका. माझा प्रत्येक राग हार्मोन्सचा नसतो, कधीकधी खरंच कारण असतं.

सकाळचा चहा आणि आईंचा काढा आठवड्यातून चार दिवस तुम्ही करा. मला साडेसहापर्यंत पडून राहता आलं तरी खूप आहे, कारण पहाटे चारनंतरच डोळा लागतो. रात्री पंखा पाचवर असू द्या, तुम्हाला गार वाटलं तर जाड चादर काढून ठेवलीय. संध्याकाळनंतरचा चहा मी बंद केलाय, तेव्हा पाहुणे आले तरी मला आग्रह नको. आणि आईंना तुम्ही सांगा. सुनेने सांगितलं तर ते कामाचं निमित्त वाटतं, मुलाने सांगितलं तर पटेल.

आणखी एक, हे लिहितानाही संकोच वाटतोय. तुम्ही जवळ येता आणि मी कूस बदलते, म्हणून तुम्ही गेले दोन महिने यायचंच बंद केलंत. मन उडालेलं नाही हो. कोरडेपणामुळे दुखतं. त्यावर मलम आहे, डॉक्टरांनी लिहून दिलंय. तोवर नुसता हात हातात घेऊन झोपलात तरी मला बरं वाटेल.

येत्या गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला सोनोग्राफी आहे आणि नंतर डॉक्टरांशी बोलायचंय. हार्मोनच्या गोळ्या घ्यायच्या का, ते त्या दिवशी ठरेल. माझ्या मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला होता, ते मी त्यांना सांगितलंय, त्यामुळे त्या विचार करूनच देतील. तुम्ही सोबत या. बाहेर गाडीत बसू नका, आत या, तुमच्या मनात असेल ते त्यांना विचारा. फाइल कपाटात साड्यांच्या कप्प्यात आहे, आधी वाचून ठेवा.

सईला मी रविवारी फोनवर सांगितलंय. तिने पहिला प्रश्न विचारला, "बाबांना माहीत आहे ना?" मी हो म्हणाले.

डब्यात आज तुमच्या आवडीचं भरलं वांगं आहे. भाकरी गरमच बांधीन.

तुमची,
वैशाली