निसर्ग शिबिराचा प्रस्ताव : नववीचा वर्ग, येऊर आणि ठाणे खाडी

मा. मुख्याध्यापिका बाईंना,
सप्रेम नमस्कार.

नववीच्या 42 मुलांसाठी 16 ते 18 जानेवारी 2026 असं दोन रात्रींचं शिबिर घ्यावं, अशी विनंती आहे. रविवारी अमावास्या येते म्हणून काही पालक नाराज होतील, याची मला कल्पना आहे. तरीही तारखा मी चंद्र पाहूनच निवडल्या आहेत. अंधाऱ्या रात्री तारे नीट दिसतात आणि अमावास्येच्या उधाणाला खाडी दुपारच्या सुमारास भरते, त्यामुळे सकाळी चढतं पाणी बघायला मिळतं.

शुक्रवारी दुपारी येऊरला पोहोचायचं. त्या दिवशी फक्त मुक्काम, परिसराची ओळख आणि नियम. हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा, बिबट्याचा मुलूख आहे. अंधार पडल्यावर कुणीही आवाराबाहेर जाणार नाही आणि रात्रीची जंगलफेरी होणार नाही.

शनिवारी साडेसहाला पक्षिनिरीक्षण, अडीच तास. न्याहारीनंतरचा उपक्रम मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. सहा-सहा मुलांचे सात गट, प्रत्येकाला दोरीने आखलेला एक मीटरचा चौकोन आणि चाळीस मिनिटं. मुंग्या, पालापाचोळा, बुरशी, कोळ्याचं जाळं, जे दिसेल ते वहीत उतरवायचं. नाव येत नसेल तर चित्र काढायचं. मुलं पहिली दहा मिनिटं कंटाळतील, तेव्हा आपण मध्ये बोलायचं नाही. जेवणानंतर चारपर्यंत काहीही ठेवलेलं नाही; ही वेळ कृपया भरू नये. संध्याकाळी पाड्यावरच्या वारली आजींकडून कारवीच्या कुडाची भिंत कशी सारवतात ते शिकायचं. रात्री आवारातूनच मृग, व्याध, रोहिणी, कृत्तिका ओळखायच्या.

रविवारी ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र. जाण्याआधी मुलं कोळ्यांचा हिशेब करतील : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अमावास्येची तिथी पंधरा धरली की सव्वाअकरा येतात. खाडीत आत पाणी थोडं उशिरा चढतं. तो फरक त्यांनी स्वतः घड्याळ लावून टिपायचा. बोटीची वेळ केंद्राकडून आधी पक्की करावी लागेल. चिखलावर चरणारे रोहित पाणी चढेल तसे कुठे सरकतात, तिवरांची श्वसनमुळं किती बुडतात, हे बघायचं. 2022 पासून ही खाडी रामसर स्थळ आहे, पण आपली बरीच मुलं ती पुलावरून नाक दाबूनच पाहतात.

यातून ‘परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह’ हा धडा डोळ्यांसमोर यावा : तिवराचं गळलेलं पान, त्यावर जगणारा खेकडा, त्याला टिपणारा बगळा. शिवाय अंदाज बांधून तो पडताळण्याची सवय लागावी. परीक्षा नको, प्रत्येकाने चौकोनावर एक पान लिहावं.

सोबत चार शिक्षक, त्यांत दोन बाई. खर्च प्रत्येकी 2,400 रुपये. सहा मुलांचा भार शाळेने उचलावा, ही नावं मी समक्ष सांगेन. वनविभागाच्या परवानगीसाठी शाळेचं पत्र 10 डिसेंबरपर्यंत मिळावं.

आपली,
विज्ञान शिक्षिका, नववी