माणसाने लिहिलं की यंत्राने? लोणारवरचे पाच परिच्छेद

इयत्ता ९ वी ब, मराठी. सलग दोन तासिका. गट चार-चार जणांचे, पण पहिली दहा मिनिटं प्रत्येकाने एकट्याने वाचायचं.

पहिला कागद

खाली लोणार सरोवरावरचे पाच परिच्छेद आहेत. काही माणसांनी लिहिले, काही कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाकडून तयार करून घेतले. कोणाचे किती, ते सांगणार नाही, म्हणजे "दोन इकडे, तीन तिकडे" असं गणित मांडून उत्तर निघणार नाही.

प्रत्येक परिच्छेदापुढे 'मा' (माणूस), 'यं' (यंत्र) किंवा 'ठाऊक नाही' लिहा. शेजारी १ ते ५ पैकी खात्रीचा आकडा टाका. ज्या शब्दामुळे तसं वाटलं, त्याखाली रेघ ओढा. "उगाच वाटलं" हेही कारण चालेल, फक्त तसं लिहा. पेनानेच लिहा. मत बदललं तर नवं उत्तर शेजारी लिहा आणि जुनं तसंच राहू द्या. मला जुनंच जास्त बघायचं आहे.

क. लोणार सरोवर हा निसर्गाचा एक अद्भुत चमत्कार आहे. बेसॉल्ट खडकात उल्कापातामुळे निर्माण झालेले हे सरोवर केवळ वैज्ञानिकांसाठीच नव्हे, तर पर्यटक आणि भाविकांसाठीही आकर्षणाचे केंद्र आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. २०२० मध्ये त्याला युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. इतिहास, विज्ञान आणि श्रद्धा यांचा हा त्रिवेणी संगम आहे.

ख. सहल म्हणजे ज्ञानाची शिदोरीच! पहाटेच्या आल्हाददायक वातावरणात आमची बस लोणारच्या दिशेने धावू लागली. सरोवराचे विहंगम दृश्य पाहून डोळ्यांचे पारणे फिटले. दैत्यसूदन मंदिरातील कोरीव काम पाहून आम्ही थक्क झालो. निसर्ग हाच मानवाचा खरा गुरू आहे, हे मला त्या दिवशी उमगले. ही सहल माझ्या स्मृतिपटलावर कायमची कोरली गेली.

ग. आमची आजी लई कडक होती पण जीव लावायची. दर साली ती आमास्नी लोणारला न्यायची. उन्हातान्हात चालून पाय भाजायचे. मग तळ्याकाठी बसून आमी त्याचं गोड पाणी ओंजळीनं प्यायचो. आजी म्हनायची, "पोरांनो, ह्ये पानी म्हंजी देवाचा परसाद हाय." आज आजी न्हाई, पर त्या पान्याची चव अजून जिभेवर हाय.

घ. खाली उतरलो तं वास मारे. सडल्यासारखा. मी नाक धरलं, संगतचे हासले. कमळजा देवीच्या देवळात गेलो, नारळ फोडला. वर चढताना दम लागला. बाटलीतलं पाणी सरलं होतं, धारेवर येऊन भरली. दुसरं काई आठवत नाही. बस चुकली, त्यानं घरी बोलणे खाल्ले.

ङ. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी दिसू लागलं आणि भ्रमणध्वनीवर अफवांना ऊत आला. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. पाण्याची पातळी घटून खारटपणा वाढला होता आणि त्यात वाढणाऱ्या मीठप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे पाणी गुलाबी दिसत होतं, असा उलगडा झाला.

दहा मिनिटं झाली की गटात बसा. इथे मतदान नको. चौघांची उत्तरं वेगळी असतील तर तशीच ठेवा, पण दुसऱ्याने कुठे रेघ ओढली ते बघा. मग दोन प्रश्न: पाचांपैकी कोणत्या परिच्छेदातली कोणती गोष्ट पडताळता येईल? आणि ती पडताळायला तुम्ही कोणाकडे जाल? "गूगल" एवढंच उत्तर अर्धं धरलं जाईल.

दुसरा कागद (मधली घंटा झाल्यावरच वाटायचा)

क यंत्राचा. हा बहुतेकांनी ओळखला असेल. पण ओळखला कशावरून? "त्रिवेणी संगम"खाली रेघ असेल, तर तसली भाषा वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत यंत्र यायच्या आधीपासून आहे. युनेस्कोखाली रेघ असेल तर शाब्बास. २०२० मध्ये लोणारला मिळाला तो रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा. रामसर हा पाणथळ जागांसाठीचा करार, जागतिक वारसा यादी वेगळी. वाक्य मात्र इतकं ठाम आहे की शंका यायला जागाच राहत नाही. व्यासाचा आकडा बरोबर आहे, त्यामुळे पुढची चूकही त्याच्या आडोशाने पचून जाते.

ख माणसाचा. आपल्याच शाळेतल्या, आता दहावी पास झालेल्या मुलीने निबंध स्पर्धेसाठी लिहिलेला, तिला विचारून घेतला आहे. तुमच्यापैकी अनेकांनी 'यं' लिहिलं असेल. नाव झाकून दिला असता तर मीही लिहिलं असतं, आणि तिला ही भाषा मीच शिकवली होती! "आल्हाददायक", "विहंगम", "डोळ्यांचे पारणे" या शब्दांना आपण वर्षानुवर्षं गुण देत आलो. ज्यांनी 'यं' आणि खात्री ५ लिहिलं, त्यांनी आपलं कारण वर्गापुढे वाचायचं. ती इथे बसली आहे आणि कारण ऐकते आहे, असं समजून वाचा.

ग यंत्राचा. साधनाला सांगितलं होतं: "गावाकडच्या माणसासारखं लिही, चुका कर, आजी आण." आजी आली की आपण विरघळतो. पण "आमास्नी", "ह्ये", "हाय" ही बोली कोल्हापूर-साताऱ्याकडची, सिनेमातून सगळीकडे पोचलेली. तुमची मेहकरची आजी "आमाले" म्हणेल. आणि पाणी? सरोवराचं पाणी खारट, अल्कधर्मी. ते ओंजळीने पिऊन दाखवा. गोडं पाणी धारेचं. इथल्या पोराला हे पुस्तक न उघडता कळायला हवं होतं. मुंबईच्या वर्गात हा परिच्छेद सहज खपला असता.

घ माणसाचा. शाळेतल्या शिपाईकाकांनी सांगितला, मी उतरवून घेतला. "दुसरं काई आठवत नाही" या वाक्यावरून ज्यांनी ओळखलं त्यांचा कान चांगला आहे. पण सांभाळा, उद्या कोणी साधनाला "मध्येच विसरल्यासारखं कर" असं सांगितलं तर ही खूणही गेली.

ङ याला एक उत्तर नाही. मजकूर मी लिहिला, साधनाकडून वाक्यं घट्ट करून घेतली, मग दोन शब्द पुन्हा बदलले. 'मा' आणि 'यं' दोन्ही बरोबर, आणि 'ठाऊक नाही'ही. माहिती मात्र तपासलेली आहे, तिची जबाबदारी माझी.

कोणीतरी विचारेलच, "सर, ओळखणारं सॉफ्टवेअर असतं ना?" असतं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच जानेवारी २०२३ मध्ये असं एक साधन आणलं. कंपनीच्याच चाचणीत त्याने यंत्राच्या मजकुरातला २६ टक्केच पकडला आणि माणसांच्या ९ टक्के मजकुरावर यंत्राचा शिक्का मारला. जुलैमध्ये ते बंद केलं. हे इंग्रजी मजकुराचे आकडे. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली, तर ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांनी स्वतः लिहिलेले अर्ध्याहून जास्त इंग्रजी निबंध यंत्राचे ठरले. मोजक्या शब्दांत, साधं, घोटलेलं लिहिणारा आधी अडकतो. ख आठवा. म्हणून या वर्गात कोणी कोणाच्या वहीकडे बोट दाखवून "हे यंत्राचं" म्हणायचं नाही. मीही म्हणणार नाही. शंका आली तर शेजारी बसून "हे वाक्य कसं सुचलं?" एवढंच विचारीन.

आता पहिल्या कागदावर परत या. पाचही परिच्छेदांपुढे नवा रकाना आखा: "यातलं काय खरं आहे, कशावरून?" 'मा' आणि 'यं' चुकलेल्यांनाही हा रकाना पूर्ण भरता येतो. मी गुण यालाच देणार आहे.

घरचा अभ्यास, सोमवारपर्यंत. घरच्या व्हॉट्सॲप गटात आलेला, तीन-चार वाक्यांचा, तारीख किंवा आकडा असलेला एक संदेश वहीत उतरवा. पाठवणाऱ्याचं नाव लिहू नका. त्यातली एकच गोष्ट निवडा आणि ती माहीत असू शकेल अशा माणसाला प्रत्यक्ष विचारा: ग्रामसेवक, बँकेतले काका, दवाखान्यातल्या सिस्टर, बाजार समितीत माल नेणारा शेजारी. ते काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहा. "मला नाही माहीत" म्हणाले तर तेही लिहा, आणि मग त्यांनी कोणाकडे जायला सांगितलं ते.